तिकीट दिसतं किती आणि पडतं किती

गोव्याच्या बेताचा मेसेज ग्रुपवर टाकला की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘तिकीट कितीला पडेल?’ आणि आपण उत्तर देतो ते तिकीट कितीला दिसतंय याचं. या दोन आकड्यांची गल्लत झाली की भाड्याची मर्यादा घालून काही उपयोग नसतो. बेत तिथेच लोंबकळतो.

आमचंच सांगतो. मुंबईहून सहा जण, शुक्रवारी रात्री जायचं आणि रविवारी रात्री परत. मी मोबाइलवर शोधलं तर जायचे ३,४०० आणि यायचे ४,१००, म्हणजे साडेसात हजार. स्क्रीनशॉट टाकला आणि खाली लिहिलं, ‘माणशी आठ हजारांच्या आत, बोला.’ पाच मिनिटांत पाच अंगठे आले. बुक करायला बसलो तेव्हा माणशी ९,३५० झाले होते. दोघं म्हणाले, थांब, विचार करून सांगतो. झालं!

सगळ्यांना वाटलं, मी उशीर केला म्हणून भाव चढला. तसं नव्हतं. चूक शोधताना झाली होती. मी प्रवासी ‘१’ ठेवून शोधलं होतं आणि बुक करताना ‘६’ केले.

विमानातल्या सगळ्या सीटांचा भाव एकच नसतो. कंपनी एकाच इकॉनॉमी वर्गात भावांचे टप्पे पाडते. थोड्या सीटा सर्वांत खालच्या भावाला, त्या संपल्या की पुढच्या टप्प्याला. त्या रात्री ३,४०० च्या टप्प्यात दोनच सीटा उरल्या होत्या. एका माणसासाठी शोधलं की त्यातली एक दिसते. सहा एकदम मागितल्या की यंत्रणा सहसा दोन स्वस्त आणि चार महाग असा हिशोब करत नाही. सहाही सीटा मिळतील असा टप्पा शोधते आणि सगळ्यांना तोच भाव लावते. आमच्या बाबतीत तो ४,६५० होता. येतानाच्या विमानात खालच्या टप्प्यात भरपूर सीटा होत्या, म्हणून ४,१०० ला धक्का लागला नाही.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. प्रवाशांचा आकडा सहावरून एकेक कमी करत जायचं. पाच, चार, तीनपर्यंत भाव हलला नाही आणि दोनवर धप्पकन खाली आला, तर स्वस्त सीटा दोनच आहेत. मग दोघांचं बुकिंग आधी आणि चौघांचं लगेच नंतर करायचं. दोन तिकिटांचे ६,८०० आणि चारांचे १८,६००, मिळून २५,४००. सहा जणांत सरासरी ४,२३३ रुपये. एकदम सहा काढली असती तर २७,९०० गेले असते. अडीच हजार वाचले. ते दोघांनी खिशात घालायचे नाहीत, सगळ्यांत वाटायचे. नाहीतर ‘मला का महाग?’ यावर आणखी तासभर जातो.

याची किंमत एवढीच की पीएनआर दोन होतात. विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली, तर दोन बुकिंगांची सोय वेगवेगळी लागू शकते आणि गट फुटू शकतो. शनिवार-रविवारच्या सहलीला मी हा धोका पत्करतो. म्हातारे आईवडील किंवा लहान मूल सोबत असेल तर त्यांना नेणाऱ्याच्याच पीएनआरमध्ये ठेवावं.

आता उरलेले सहाशे. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर ‘कन्व्हीनियन्स फी’ उगवते, बहुतेक ठिकाणी माणशी आणि प्रत्येक फेरीला वेगळी. आम्हाला ती दोन्ही मिळून माणशी सहाशे पडली. पसंतीची सीट घेतली तर तिचे पैसे निराळे. सर्वांत स्वस्त भाड्यात कधी कधी चेक-इन बॅग धरलेलीच नसते, फक्त सात किलोंची केबिन बॅग असते. जाताना दोन दिवसांचे कपडे त्यात बसतात. येताना काजू आणि बेबिंका भरल्यावर काट्यावरचा आकडा बघा. म्हणून सहा जणांत एकाच्या तिकिटात बॅग धरून ठेवायची, तेवढं पुरतं.

म्हणजे मर्यादा घालायची ती पडणाऱ्या भाड्यावर: सगळी माणसं धरून शोधलेलं, दोन्ही बाजूंचं, फीसकट. आणि गोव्याच्या बाबतीत एक गोष्ट या आकड्यात येतच नाही, ती म्हणजे विमानतळ. शोधताना नुसतं ‘गोवा’ टाकलं की दाबोळी आणि मोपा दोन्ही एका यादीत येतात. दाबोळी म्हणजे GOI, मोपा म्हणजे GOX. मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, पेडणे तालुक्यात, अगदी उत्तरेच्या टोकाला. आमचं राहणं मांद्र्याला, म्हणजे त्याच तालुक्यात. दाबोळीला उतरलो असतो तर जुवारी, मांडवी आणि शापोरा अशा तीन नद्या ओलांडून यावं लागलं असतं. सहा माणसं आणि सामान म्हणजे मोठी गाडी किंवा दोन टॅक्स्या. पाळोळ्याला राहायचं असेल तर उलट, दाबोळी जवळ आणि मोपा पार दुसऱ्या टोकाला. म्हणून मेसेजमध्ये भाड्याशेजारी विमानतळाचा कोड हवाच.

दुसऱ्या वेळी मी असा मेसेज टाकला:

‘गोवा, शुक्र ते रवि, सहा जण, राहणं मांद्रे. खालचे भाव सहा जण धरून, जाऊन-येऊन, फीसकट, आत्ता ७ वाजताचे.
अ) शुक्र रात्री ८:४० GOX, परत रवि रात्री GOX: ८,९३३ (दोन बुकिंगं करून)
ब) शनि पहाटे ५:५० GOI, परत रवि रात्री GOI: ७,७००, पण टॅक्सी लांबची आणि शुक्रवारची रात्र जागरणाची
क) शुक्र रात्री GOX, परत सोम पहाटे GOX: ८,२००, सोमवारी थेट ऑफिस
मर्यादा माणशी ९,०००. तेवढ्यात बसलं तर पुन्हा न विचारता बुक करणार, वर गेलं तर बेत रद्द. आज ९:३० पर्यंत फक्त अक्षर टाका आणि ओळखपत्रावरचं पूर्ण नाव. जास्त अक्षरं ज्याला, तो पर्याय. ९:३० नंतर गप्प असलेला येत नाही असं धरतो आणि उरलेल्यांसाठी भाव परत बघतो.’

पर्याय तीनच ठेवले, कारण पाच-सहा दिले की कुणीतरी सातवा शोधून आणतं. भावाशेजारी वेळ लिहिली, कारण संध्याकाळी सातचा भाव रात्री दहाला तोच असेल याची खात्री नसते. ‘ओळखपत्रावरचं नाव’ हे मुद्दाम लिहिलं. आमच्यातल्या एकाला सगळे बंड्या म्हणतात आणि त्याचं खरं नाव मला फॉर्म भरताना आठवत नव्हतं.

९:२० पर्यंत चार ‘अ’ आणि एक ‘क’ आला. बंड्याने ९:३४ ला लिहिलं, ‘तिकीट कितीला पडेल?’