धावता मध्यक : दोन हीपांची पद्धत

एकामागून एक येणाऱ्या संख्यांचा, त्या त्या क्षणापर्यंतचा मध्यक कायम हाताशी ठेवण्याची रीत. आलेल्या संख्यांचा लहान अर्धा भाग मॅक्स-हीपमध्ये, म्हणजे सर्वांत मोठी संख्या कायम माथ्यावर ठेवणाऱ्या रचनेत, आणि मोठा अर्धा भाग सर्वांत लहान संख्या माथ्यावर ठेवणाऱ्या मिन-हीपमध्ये ठेवतात. पहिल्याला खालचा आणि दुसऱ्याला वरचा हीप म्हणू. त्यामुळे मध्यकाला लागून असलेल्या संख्या दोन्ही हीपांच्या माथ्यावरच सापडतात.

पद्धतीचा उगम एका व्यक्तीच्या नावे सांगणे कठीण आहे. हीप ही रचना जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये क्रमवारीच्या रीतीसोबत मांडली, तेव्हा आजच्या रूपातील पद्धत त्यापूर्वीची असू शकत नाही. अ‍ॅट्किन्सन, सॅक, सँटोरो व स्ट्रॉथॉट यांच्या १९८६ च्या मिन-मॅक्स हीपवरील लेखात मध्यक तत्काळ देणाऱ्या रचनेचा विचार आहे. मात्र ती रचना वेगळी असल्याने त्या लेखाला या पद्धतीचे मूळ मानण्यापेक्षा तिचा जवळचा नातेवाईक मानणे अधिक योग्य वाटते.

नियम दोन आहेत. खालच्या हीपचा माथा वरच्या हीपच्या माथ्याहून मोठा नसावा. आणि खालच्या हीपमध्ये वरच्याइतक्याच किंवा एकाने जास्त संख्या असाव्यात. नवी संख्या खालच्या माथ्याशी ताडून योग्य बाजूला टाकायची, आणि तोल बिघडला तर जड बाजूचा माथा पलीकडे हलवायचा. आलेल्या संख्या n असतील तर या कामाला log n च्या प्रमाणात वेळ लागतो. खालच्या हीपमध्ये एक संख्या जास्त असेल तर तिचा माथा हाच मध्यक, नाहीतर दोन्ही माथ्यांची सरासरी; त्यामुळे मध्यक वाचायला स्थिर वेळ पुरतो.

समजा १२, ५, २० आल्या. खाली १२ व ५, वर २०, मध्यक १२. आता ७ आली. ती १२ पेक्षा लहान, म्हणून खाली जाते. तिथे तीन संख्या झाल्याने १२ वर सरकते. माथे ७ आणि १२, मध्यक ९.५. पुढची ९ ही ७ पेक्षा मोठी, म्हणून वर जाते आणि तोलासाठी लगेच खाली येते. मध्यक ९.

नेहमीची चूक म्हणजे तुलना न करता नवी संख्या कमी भरलेल्या हीपमध्ये टाकणे. वरच्या उदाहरणात ७ तशी वर टाकली तर माथे १२ आणि ७ होतात व सरासरी योगायोगाने ९.५ च येते. चूक पुढच्या पावलाला उघडी पडते: ९ खाली जाते, माथा १२ च राहतो आणि खरा मध्यक ९ असताना उत्तर १२ मिळते. म्हणून चाचणीत केवळ उत्तर न पाहता प्रत्येक भरणीनंतर दोन्ही माथ्यांचा क्रम तपासावा.

सरकत्या खिडकीत, म्हणजे फक्त शेवटच्या ठरावीक संख्यांचा मध्यक हवा असताना, जुनी संख्या काढावी लागते, पण हीपच्या मधली संख्या शोधणे महाग पडते. त्यामुळे ती ‘काढलेली’ म्हणून नोंदवून ठेवतात आणि माथ्यावर आल्यावरच टाकून देतात. अशा वेळी तोल मोजताना केवळ जिवंत संख्या धराव्यात.

सर्व संख्या स्मृतीत राहतात, ही पद्धतीची मर्यादा. मन्रो व पॅटर्सन यांनी १९८० मध्ये दाखवल्याप्रमाणे एकाच फेरीत अचूक मध्यक हवा असेल तर n च्या प्रमाणात स्मृती लागतेच. अंदाजी मध्यक चालणार असेल तर ग्रीनवाल्ड-खन्ना (२००१) यांच्यासारख्या सारांश-रचना वापरतात.