सिंकखालची एक सेंटीमीटरची फट

रोज रात्री ओटा लख्ख पुसून ठेवला तरी पहाटे सिंकमध्ये एखादं मोठं, लालसर तपकिरी झुरळ बसलेलं दिसतं. ते तुमच्या घरातलं असेलच असं नाही. घरात वीण घालणारं झुरळ वेगळं. ते जर्मन झुरळ, जेमतेम दीड सेंटीमीटरचं, पाठीवर मानेजवळ दोन काळे पट्टे असलेलं. ते कपाटाच्या बिजागरीत, मिक्सरखाली, फ्रिजच्या रबरात राहतं. चार सेंटीमीटरपर्यंत वाढणारं मोठं झुरळ म्हणजे अमेरिकन झुरळ. त्याला अंधार, ओल आणि ऊब लागते, आणि हे तिन्ही सोसायटीच्या चेंबरमध्ये व सांडपाण्याच्या पाइपात बारा महिने मिळतं.

इमारतीच्या डक्टमधला उभा पाइप तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जातो आणि प्रत्येक मजल्यावरची स्वयंपाकघरं त्यालाच जोडलेली असतात. त्याच्या आतल्या भिंतीवर तेलाचा आणि साबणाचा चिकट थर साचतो. तो झुरळाचं खाद्यही असतो आणि त्याच्यावर पाय रोवून वर चढताही येतं. म्हणूनच चौथ्या मजल्यावरची स्वच्छता तिथे येणारी झुरळं थांबवू शकत नाही.

हा रस्ता अडवायला ट्रॅप असतो. नहाणी ट्रॅप असो की बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, पाइपाच्या वळणात साधारण पाच सेंटीमीटर पाणी कायम साचून राहतं. दुर्गंध आणि कीटक त्या पाण्यापलीकडे अडतात. हा अडसर अभेद्य नाही, कारण झुरळ पाण्याखाली बराच वेळ तग धरतं. तरी रोजचा बंदोबस्त म्हणून तो चांगलाच आहे. अडचण येते ती पाणी आटल्यावर. उन्हाळ्यात महिनाभर गावाला गेलात, किंवा एखादी मोरी वापरातच नसली, की ट्रॅप कोरडा पडतो. वरच्या मजल्यावरून एकदम बादलीभर पाणी सोडलं आणि तुमच्या जाळीतून गुडगुड आवाज आला, तर पाइपातली हवा ट्रॅपमधलं पाणी ओढून नेते आहे असं समजावं.

पण आपल्याकडच्या बऱ्याच स्वयंपाकघरांत झुरळ ट्रॅपमधून येतच नाही. सिंकखालचं कपाट उघडून बॅटरीने बघा. सिंकला लावलेला पांढरा, घड्यांचा पाइप खाली दोन इंची पाइपाच्या तोंडात नुसता खोचलेला असतो. तो सव्वा इंची असेल, तर भोवती जवळजवळ एक सेंटीमीटरची फट उरते. २०१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी अमेरिकन झुरळांना फटींतून पळवून पाहिलं. एरवी सुमारे बारा मिलिमीटर उंच उभं राहणारं झुरळ अंग चपटं करून तीन मिलिमीटरच्या फटीतून, तेही सेकंदाच्या आत, पार झालं. एक सेंटीमीटर म्हणजे त्याला सताड उघडं दारच.

नेमकी वाट कोणती, हे रात्री झोपताना तपासता येतं. सिंकच्या जाळीवर काचेचा ग्लास उपडा ठेवा आणि खाली पाइपाच्या जोडाशी चिकट सापळा लावा. सकाळी झुरळ ग्लासात सापडलं, तर ते पाइपाच्या आतून आलं. ट्रॅप नाही, किंवा कोरडा आहे. सापळ्यावर सापडलं, तर फट हेच कारण.

फटीसाठी हार्डवेअरच्या दुकानात रबरी कॉलर मिळते. ती दोन्ही पाइपांत घट्ट बसते आणि पाइप तुंबला तर काढताही येते. कापडाचा बोळा किंवा प्लॅस्टिकची पिशवी कोंबू नका, बोळा ओला होऊन सरकतो. पाइप भिंतीत शिरतो तिथल्या भगदाडात पांढरं सिमेंट भरा. आतून येत असेल, तर प्लंबरकडून बॉटल ट्रॅप बसवून घ्या. घड्यांचा पाइप वाकवून केलेला ‘यू’ तात्पुरता चालतो, पण त्याच्या घड्यांत चिकटा लवकर साचतो. बेसिनला ट्रॅप नसेल, तर रात्री बूच लावूनही वरच्या कडेजवळचं ओव्हरफ्लोचं भोक उघडंच राहतं. ते बुचाच्या खालच्या बाजूला पाइपाला मिळतं, त्यामुळे झुरळाला तिथून वर येता येतं. हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

गावाला जाताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडंतेल ओतलं, तर तवंगामुळे पाणी सावकाश आटतं. जाळीवर पाणी भरलेली, तोंड बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली की ती स्वतःच्या वजनाने भोकं झाकते.

डांबराच्या गोळ्या जाळीत टाकून वाट बंद होत नाही. उकळतं पाणी उभ्या पाइपापर्यंत पोचेतो निवतं, आणि वारंवार ओतलं तर पीव्हीसीचे जोड सैल होतात. एकाच फ्लॅटने पाइपात औषध फवारलं, तर झुरळं शेजारच्या तोंडांतून बाहेर पडू शकतात. म्हणून औषध सोसायटीने खालच्या चेंबरमध्ये मारून घ्यावं, आणि त्याच दिवशी चेंबरची फुटकी झाकणंही बदलावीत.