छाती ४०: अंगाची की कुर्त्याची?

गणपतीच्या आधी मालवणहून आम्ही सुती कुर्ते पाठवत होतो. देवगडच्या एका गिऱ्हाईकबाईंनी घरी टेपने छाती मोजली, ४० इंच भरली. आमच्या तक्त्यात M पुढे ‘छाती ४०’ होतं, म्हणून त्यांनी M मागवला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. ‘‘ताई, कुर्तो ओढूनताणून अंगात जाता, पण माटवी बांधूक हात वर करूक गावना नाय.’’

टेप त्यांनी बरोबर धरली होती आणि आमचा आकडाही खरा होता. फक्त त्यांचे ४० अंगाचे होते आणि आमचे ४० कुर्त्याचे. चूक आमचीच, कारण तक्त्यावर आम्ही नुसतं ‘छाती’ लिहिलं होतं.

टेलरकडे हा घोटाळा होत नाही. तो माप अंगाचं घेतो आणि कापताना लूज स्वतः धरतो. श्वास घ्यायला, बसायला, हात उचलायला कपड्यात जी जागा लागते ती म्हणजे लूज. न ताणणाऱ्या सुती कापडाच्या सरळ कुर्त्याला आम्ही छातीत साधारण ३ ते ४ इंच लूज धरतो. इथल्या दमट हवेत घामाने कापड अंगाला चिकटतं, तेव्हा मी तरी ४ कडेच झुकते. तयार कपड्याच्या बाबतीत लूज आधीच शिवून झालेला असतो. तो कुठल्या आकड्यात धरलाय, हे तक्त्यानेच सांगायला हवं.

आमचा तक्ता शिवून झालेला कुर्ता टेबलावर पसरून घेतलेल्या मापांचा आहे. बटणं लावायची, सुरकुत्या हाताने सारख्या करायच्या, पण कापड ताणायचं नाही. मुंढ्याच्या एक इंच खाली या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत टेप सरळ धरायची. त्या M कुर्त्याचं माप २० आलं. ही फक्त पुढची बाजू, म्हणून दुप्पट करून ४०. इथे हात जपून चालवावा लागतो, कारण टेप अर्धा इंच सरकली की दुपटीत एक इंचाची चूक होते. मुंढ्याला अगदी चिकटून मोजलं किंवा गादीवर पसरून मोजलं, की हमखास असं होतं. शोल्डर, बाहीची लांबी आणि उंची मात्र दुप्पट करायची नाही.

त्याच कुर्त्याचा तक्ता आता असा लिहितो, सगळे आकडे इंचात:

| | पसरून | कुर्त्याचं माप | कोणत्या अंगाला |
|---|---|---|---|
| छाती | २० | ४० | ३६ ते ३७ |
| कंबर | १८½ | ३७ | ३३ ते ३४ |
| सीट | २१½ | ४३ | ३९ ते ४० |
| शोल्डर | १४½ | १४½ | १४½ |

शेवटचा रकाना मोजून आलेला नाही. कुर्त्याच्या मापातून लूज वजा करून आम्ही तो काढलाय, म्हणजे तो आमचा अंदाज आहे. ज्याला अंगासरशी कपडा आवडतो तो ३८ ला सुद्धा हा कुर्ता घालेल. सीटचा आकडाही नेहमी तितकाच महत्त्वाचा नसतो. बाजूचे कट सीटच्या वरून सुरू होत असतील तर तिथे कुर्ता अडत नाही. शोल्डरमध्ये लूज धरत नाहीत, म्हणून तिथे दोन्ही आकडे सारखेच. देवगडच्या बाईंना खरं तर ४४ चा कुर्ता हवा होता. तो आमचा XL, आणि तोच त्यांना बदलून दिला.

हा हिशोब न ताणणाऱ्या कापडाचा आहे. होजिअरीचा टीशर्ट ताणतो, तिथे कपड्याचं माप अंगाइतकं किंवा त्याहून कमी असलं तरी चालतं. आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ४० इंचावर ३ टक्के आटलं तरी सव्वा इंचाच्या आसपास जागा जाते, म्हणजे लूजचा चांगला तिसरा हिस्सा. म्हणून आम्ही कापड आधी भिजवून, वाळवूनच कापतो. कोऱ्या कापडाचा कुर्ता असेल तर धुवून मगच तक्त्यासाठी मोजावा.

समोरचा तक्ता कुठला हे लिहिलेलं नसेल, तर आकडे पाहा. छातीपुढे १९, २०, २१ असेल तर ते पसरून घेतलेलं अर्धं माप. फसवतो तो मिसळलेला तक्ता. त्यात उंची आणि बाही कपड्याची असते, पण छाती अंगाची. उंचीचा आकडा दिसला म्हणून बाकीचे आकडेही कपड्याचेच समजू नका, विचारून घ्या.

मला विचाराल तर टेप अंगाला लावूच नका. कपाटातला नीट बसणारा, तशाच कापडाचा, धुतलेला कुर्ता काढा, टेबलावर पसरा आणि वर सांगितलं तसा मोजा. मुंढ्याखाली २२ आले, तर आमच्या तक्त्यात ‘पसरून’च्या रकान्यात २२ शोधा.