बदललेलं उत्तर, पुसलेली नोंद आणि मागे राहिलेला डॅशबोर्ड : पार्श्वभूमी

ऑनलाइन सर्व्हेचा डॅशबोर्ड चुकीचा आकडा दाखवतो तेव्हा पहिला संशय रिफ्रेशवर जातो. बटण दाबून पाहतात, ब्राउझर बंद करून उघडतात, थोडा वेळ थांबतात. गूगल शीटला जोडलेला, लुकर स्टुडिओ या गूगलच्या डॅशबोर्ड साधनातला रिपोर्ट मुळात दर 15 मिनिटांनीच नवी माहिती मागवतो, त्यामुळे थांबल्यावर आकडा कधी कधी खरंच सुधारतो आणि संशय पक्का होतो. पण ज्यांनी आधी दिलेलं उत्तर नंतर बदललं किंवा काढून घेतलं, त्यांच्या बाबतीत कितीही वेळा रिफ्रेश केलं तरी आकडा चुकीचाच राहू शकतो. या चुकीचं मूळ वेब फॉर्मच्या जन्मापाशी आहे.

नव्वदच्या दशकात एचटीएमएल फॉर्मचे नियम ठरले. 1995 च्या दुसऱ्या आवृत्तीत फॉर्मला दोनच क्रिया मिळाल्या : `GET` आणि `POST`, म्हणजे मागणं आणि पाठवणं. दुरुस्त करणं किंवा काढून घेणं ही फॉर्मची क्रियाच नव्हती. सर्व्हरवरची स्क्रिप्ट आलेली माहिती एखाद्या मजकूर फाइलच्या तळाशी नवी ओळ म्हणून लिही, नाहीतर ईमेल करी. बदल करायचा तर पुन्हा फॉर्म भरायचा, की खाली आणखी एक ओळ पडायची. दप्तरात आवक नोंदवावी तशी ही रीत होती : आलं, नोंदलं, पुढे चला. फॉर्मवर उभ्या राहिलेल्या बहुतेक हिशेबांत हेच गृहीत मुरलं, की नोंद फक्त वाढते.

फेब्रुवारी 2008 मध्ये गूगलच्या स्प्रेडशीटमध्ये फॉर्मची सोय आली आणि सर्व्हे सगळ्यांच्या हातात आला. शाळा, सोसायट्या, मंडळं, संशोधक, सगळे तिच्यावर आले. पुढे फॉर्म हे स्वतंत्र साधन झालं. आता उत्तरं फॉर्मच्या स्वतःच्या साठ्यात राहतात आणि जोडलेल्या शीटमध्ये त्यांची प्रत उतरते. `Form Responses 1` नावाचा तो टॅब बहुतेकांना मूळ साठाच वाटतो. तो प्रत आहे. पुढच्या बऱ्याच घोटाळ्यांचं कारण इथेच सापडतं.

फॉर्म बनवणाऱ्याने उत्तर बदलायची मुभा दिली असेल, तर भरणाऱ्याला सबमिट केल्यावर एक लिंक मिळते. त्या लिंकने केलेला बदल शीटमध्ये नवी ओळ पाडत नाही. जुन्याच ओळीत नवं उत्तर बसतं आणि त्या सेलला `Responder updated this value.` अशी टीप चिकटते. ओळ जिथे होती तिथेच राहते. मात्र पहिल्या रकान्यातली वेळ बदलते.

त्या रकान्याचं नाव `Timestamp`. या एका शब्दाने जेवढा गोंधळ घातला आहे, तेवढा बाकी सगळ्यांनी मिळून घातला नसेल. पाहणारा त्याचा अर्थ ‘उत्तर आलं ती वेळ’ असा घेतो. उत्तर एकदाच दिलं असेल तोवर तो बरोबरही असतो. बदल झाल्यावर तिथे दिसते ती शेवटच्या सबमिटची वेळ, आणि पहिली वेळ त्या रकान्यातून नाहीशी होते. म्हणजे एकच रकाना काही ओळींमध्ये ‘आलं कधी’ सांगतो आणि काहींमध्ये ‘बदललं कधी’. कुठल्या ओळीत कोणता अर्थ घ्यायचा, हे रकान्याकडे पाहून कळत नाही. सेलवरच्या टिपा एकेक उघडून पाहाव्या लागतात, आणि डॅशबोर्ड काही टिपा वाचत नाही.

हा निर्णय चूक की बरोबर, यावर वाद घालता येतो. बाजू घेणारे म्हणतात, की सामान्य माणसाला एका व्यक्तीची एकच ओळ हवी असते आणि तिच्यात ताजं उत्तर हवं असतं. ते खरं आहे. लग्नाला किती पाहुणे येणार, हे मोजणाऱ्याला कोणी आधी काय म्हटलं होतं याच्याशी देणंघेणं नसतं. पण ताजं उत्तर ठेवायला पहिली वेळ पुसायची गरज नव्हती. दोन रकाने ठेवता आले असते. पुढे 2022 मध्ये फॉर्म्सचा एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना फॉर्मच्या साठ्यातून थेट माहिती घेण्याची वाट, सर्वांसाठी खुला झाला, त्यात `createTime` आणि `lastSubmittedTime` अशा दोन वेळा वेगळ्या मिळतात आणि प्रत्येक उत्तराला स्वतःचा `responseId` असतो. म्हणजे साठ्यात फरक जपलेला आहे, शीटपर्यंत तो पोचत नाही. शीटवर काम करणारे असंख्य लोक आजही त्या एकाच रकान्यावर आलेख काढतात. माझ्या मते हा सोयीपायी केलेला चुकीचा निर्णय होता.

क्षेत्रीय पाहणीच्या जगाने वेगळी वाट धरली. मोबाइलवर, नेटवर्क नसतानाही माहिती गोळा करणाऱ्या ओडीकेसारख्या साधनांत प्रत्येक नोंदीला `instanceID` असतो. दुरुस्त केलेली नोंद नवा `instanceID` घेऊन येते आणि सोबतच्या `deprecatedID` मध्ये जुन्या नोंदीचा क्रमांक सांगते : मी हिच्या जागी आले आहे. जुनी आवृत्ती पाहता येते, नवी मोजली जाते.

याचा परिणाम आकड्यांत कसा उतरतो, ते एका उदाहरणातून पाहू. 120 सदनिकांच्या एका सोसायटीत पुनर्विकासाबद्दल सभासदांचा कल घ्यायचा आहे. फॉर्ममध्ये दोनच प्रश्न आहेत : सदनिका क्रमांक, आणि पुनर्विकास हवा का. 1 ते 10 जून या काळात 96 उत्तरं येतात. 54 जण ‘हो’ म्हणतात, 42 ‘नाही’. त्यानंतर विकसकाचा आराखडा फिरतो आणि 9 सभासद आपलं उत्तर बदलतात. 7 ‘हो’चे ‘नाही’ होतात, 2 ‘नाही’चे ‘हो’. आणखी 3 जण सचिवांना कळवतात, की आमच्या घरातून दोनदा भरलं गेलं आहे, आमचं काढा. भरणाऱ्याला स्वतःचं उत्तर पुसायची सोय या फॉर्ममध्ये नाही, ते मालकालाच करावं लागतं. सचिव फॉर्मच्या उत्तरांच्या पानावरून ती तिन्ही काढतात. तिन्ही ‘हो’ची होती, आणि बदललेल्या नवांत त्यांतलं एकही नव्हतं.

खरा हिशेब असा : ‘हो’ 54 मधून 7 गेले, 2 आले, 3 पुसले, उरले 46. ‘नाही’ 47. एकूण 93 मध्ये ‘हो’ 49.5 टक्के.

आता शीट पाहा. बदल जुन्याच ओळींत बसले, तेवढं बरोबर झालं. पण फॉर्ममधून पुसलेलं उत्तर शीटमधून जात नाही. तिथे 96 ओळी आहेत, ‘हो’ 49, म्हणजे 51 टक्के. उलट, शीटमधली ओळ काढली तर फॉर्मच्या साठ्यातलं उत्तर तसंच राहतं.

कोणी डॅशबोर्डसाठी वेगळी तक्ता-शीट ठेवली असेल आणि सबमिट होताच आपोआप सुटणाऱ्या ट्रिगरवर चालणारी स्क्रिप्ट आलेलं उत्तर तिच्या तळाशी जोडत असेल, तर अवस्था आणखी वाईट होते. तो ट्रिगर बदलाच्या वेळीही चालतो. मग 9 बदलांच्या 9 नव्या ओळी पडतात : एकूण 105, ‘हो’ 56, म्हणजे 53.3 टक्के. एकाच फॉर्मची तीन उत्तरं झाली, आणि त्यांतली दोन अर्ध्याच्या वर आहेत. पुनर्विकासाचा खरा ठराव सर्वसाधारण सभेत होतो हे मान्य, पण सभेपूर्वी सूचनाफलकावर लागलेला आकडाही माणसांची मनं वळवतो.

या तिसऱ्या तक्त्यात चुकीची एक खूण स्पष्ट दिसते. उत्तर बदललं जातं तेव्हा ट्रिगरच्या हाती फक्त बदललेल्या प्रश्नांची उत्तरं येतात, न बदललेल्यांच्या जागा रिकाम्या असतात. म्हणून त्या 9 ओळींत ‘हो’ किंवा ‘नाही’ आहे, पण सदनिका क्रमांक नाही. ज्या रकान्यावरून दुबार नोंद शोधायची, तोच कोरा. अनिवार्य प्रश्नाच्या रकान्यात कोरे सेल दिसले, की तळाशी जोडणाऱ्या स्क्रिप्टने बदल गिळला असं समजावं.

वेळेचा घोळ आलेखात उमटतो. 11 जूनला काढलेल्या आलेखात 10 तारखेपर्यंत 96 उत्तरं होती. महिनाअखेरीस त्याच शीटवरून तोच आलेख काढला तर 10 तारखेपर्यंत 87 दिसतात, कारण नऊ ओळींच्या वेळा पुढे सरकल्या. शीटमधून कोणी ओळ काढलेली नसताना गेलेल्या तारखेचा आकडा नंतर घटला, तर वेळेच्या रकान्यात जुन्या वेळेवर नवी लिहिली जाते आहे हे नक्की.

गेल्या काही वर्षांत अडचण वाढली ती डॅशबोर्डची साधनं मोठी झाल्यामुळे. सगळी माहिती दरवेळी ओढायची नाही, मागच्या वेळेनंतरचीच आणायची, अशी वाढीव रिफ्रेशची पद्धत रुळली. लाखो ओळींच्या विक्रीनोंदींना ती योग्य आहे. पॉवर बीआयमध्ये अशा रिफ्रेशसाठी माहितीचे तारखेनुसार कप्पे पडतात. कप्पा ठरवणारी तारीखच बदलणारी असेल, तर जूनच्या बंद कप्प्यात जुनी ओळ राहते आणि जुलैच्या कप्प्यात नवी येते. एक सभासद दोनदा मोजला जातो. पुसलेल्या नोंदीला तर नवी तारीखच नसते. ‘मागच्या वेळेनंतर काय आलं’ या प्रश्नाच्या उत्तरात, जे गेलं ते येणार कुठून? फॉर्म्सच्या एपीआयची सूचना यंत्रणाही उत्तर सबमिट झाल्याचं कळवते, पुसल्याचं नाही.

म्हणून काही हजार उत्तरांपर्यंतच्या सर्व्हेला वाढीव रिफ्रेश लावूच नये. दरवेळी फॉर्मच्या साठ्यातून सगळ्या उत्तरांचे क्रमांक घ्यावेत आणि तक्त्यात प्रत्येक ओळीशी लिहून ठेवलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत :

```
const live = new Set(
  form.getResponses().map(r => r.getId())
);
```

तक्त्यातल्या ज्या ओळीचा क्रमांक `live` मध्ये नाही ती पुसली गेली, ती मोजणीतून काढायची. जिचा आहे तिची उत्तरं साठ्यातल्या ताज्या उत्तरांनी भरायची. जो क्रमांक तक्त्यात नाही, ती नवी ओळ. पहिल्यांदा दिसली ती वेळ आपल्याच रकान्यात एकदा लिहायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही. सोसायटीच्या उदाहरणात एवढं केलं, की फॉर्म 93 म्हणतो आणि डॅशबोर्डही 93 म्हणतो. या रीतीला मर्यादाही आहे : मधली उत्तरं मिळत नाहीत. ‘हो’चं ‘नाही’ होऊन दोन ताडण्यांच्या मधेच परत ‘हो’ झालं, तर काही घडलंच नाही असं दिसतं.

अलीकडे यात कायदा आला. युरोपात मे 2018 पासून, आणि भारतात 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या कलम 12 ने, आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क मान्य झाला. सचिवांनी फॉर्ममधून तीन उत्तरं पुसली, पण ती शीटमध्ये, स्क्रिप्टच्या तक्त्यात आणि त्यावरून काढून ठेवलेल्या प्रतीत राहिली, तर ती पुसली गेली असं म्हणता येत नाही. पूर्वी हा मोजणीचा दोष होता, आता तो त्या तीन घरांच्या हक्काचाही प्रश्न आहे. पुसण्याची विनंती आली, की या चारही जागा एकेक करून तपासाव्या लागतात. शीटच्या आवृत्ती-इतिहासातही जुनी ओळ दिसते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

सूचनाफलकावर आधीच लागलेल्या कागदाचं काय, यावर एकमत नाही. काहींच्या मते छापलेला आकडा त्या दिवसाचा असतो आणि तो तसाच राहावा. काही जण नवा कागद लावून जुना काढतात. दोन्हीपैकी काहीही केलं तरी आकड्याखाली एक ओळ असावी : 30 जून, सायंकाळी 6 पर्यंत, उत्तरं 93, त्यांतली बदललेली 9, शिवाय काढलेली 3.