पेनड्राइव्हसाठी बसवलेला पोर्ट आणि त्याला जोडलेला फोन

गाडीच्या यूएसबी पोर्टला फोन जोडला की चार्जिंगचे चिन्ह दिसते, पण म्युझिक सिस्टीमच्या पडद्यावर एकही गाणे येत नाही. त्याच पोर्टला साधा पेनड्राइव्ह लावला तर गाणी लगेच सुरू होतात. दोष बहुधा पोर्टचाही नसतो आणि फोनचाही नसतो. हा पोर्ट मुळात पेनड्राइव्ह वाचण्यासाठी बसवला गेला आणि फोनचे अंतरंग नंतर बदलले, हे त्यामागचे कारण आहे.

गाड्यांत यूएसबी पोर्ट आला तो एमपीथ्री सीडी वाजवणाऱ्या स्टिरिओच्या पाठोपाठ. सीडीवरील आयएसओ ९६६० या मूळ रचनेत फोल्डरच्या आत फोल्डर, अशा आठच पातळ्यांना मुभा होती. पुढे यूएसबी आले तरी अनेक स्टिरिओंच्या पुस्तिकांत आठ पातळ्यांची आणि एका फोल्डरमागे २५५ फाइलींची मर्यादा दिसत राहिली. पेनड्राइव्हवर सहसा फॅट ३२ रचना असते आणि तिच्यात फाइलींची नोंद नावाच्या क्रमाने होत नाही. समजा, बारा अभंगांच्या फोल्डरमध्ये `01.mp3` ही फाइल राहून गेली आणि ती मागाहून टाकली. संगणक नावे लावून दाखवतो, त्यामुळे तेथे ती पहिली दिसते. नोंदींचा क्रम जसाच्या तसा पाळणारा स्टिरिओ मात्र ती शेवटी वाजवतो. अशा वेळी पूर्ण फोल्डर पुसून सर्व फाइली नावाच्या क्रमाने एकेक करून पुन्हा टाकल्या की क्रम जागेवर येतो. आकडे `1`, `2`, `10` असे न लिहिता `01`, `02`, `10` असे लिहावेत, कारण नावे लावणारे काही स्टिरिओ `10` ला `2` च्या आधी धरतात.

सुरुवातीचे अँड्रॉइड फोनही गाडीला पेनड्राइव्हसारखेच दिसत. त्यासाठी फोन आपले मेमरी कार्ड स्वतःपासून तोडून गाडीच्या स्वाधीन करी, कारण एकाच फॅट कार्डावर दोन यंत्रांनी एकाच वेळी लिहिले तर नोंदी बिघडतात. तेवढा वेळ कार्डावरची अॅप बंद पडत. २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० पासून ही पद्धत मागे पडू लागली. फोनची अंतर्गत साठवण सर्व अॅपसाठी सामाईक झाली, तिची रचना गाडीला वाचता न येणारी होती आणि ती बाहेरच्या यंत्राच्या हाती देणे शक्य राहिले नाही. तिच्या जागी एमटीपी आली. या पद्धतीत गाडी साठवण स्वतः वाचत नाही; ती फोनकडे यादी मागते आणि फोन एकेक फाइल काढून देतो. ज्या स्टिरिओला ही भाषा येत नाही, त्याच्या दृष्टीने फोन म्हणजे नुसते चार्ज होणारे यंत्र. ज्याला येते, त्यालाही हजारो फाइलींची यादी करायला बराच वेळ लागतो, आणि त्या यादीत रिंगटोनही येऊ शकतात.

अँड्रॉइड ६.० पासून फोन जोडताच फक्त चार्जिंग सुरू होते. कुलूप उघडून सूचनेतून `File transfer` निवडल्याशिवाय गाणी दिसत नाहीत. ही सूचनाच आली नाही, तर आधी केबल बदलून पाहावी. काही स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतात.

फाइल प्रकारांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. एमपीथ्री जवळजवळ सर्वत्र चालते. एम४ए, फ्लॅक आणि ओपस यांचे तसे नाही. ओपस फाइलीचे नाव बदलून `.mp3` केल्याने आतला आवाज बदलत नाही, तिचे रूपांतरच करावे लागते. गाण्याच्या अॅपमध्ये ऑफलाइन ठेवलेली गाणी सहसा कुलूपबंद असतात आणि ती यूएसबीवरून वाजत नाहीत. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसले, तर फाइल खराब झालेली नसते. स्टिरिओमध्ये तो फॉन्ट नसतो.

चार्जिंगची अडचणही याच उगमाची आहे. यूएसबी २.० च्या नियमाने साधा डेटा पोर्ट ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो. पेनड्राइव्हला ते भरपूर होते. ४००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १५ वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे काहीही वाया गेले नाही आणि फोन बंद असला, तरी ती भरायला सहा तास लागतील. नकाशा चालू आणि पडदा उजळ असला, तर फोन त्याहून जास्त वीज स्वतः वापरू शकतो आणि चार्जिंगला लावूनही टक्केवारी उतरत जाते. केवळ चार्जरचा पोर्ट आपल्या दोन्ही डेटा तारा आतून जोडून फोनला ‘जास्त घे’ असे कळवतो, पण मग त्या तारांवरून गाणी जाऊ शकत नाहीत. डेटा आणि दीड अँपिअर एकत्र देणाऱ्या पोर्टची तरतूद यूएसबीच्या बॅटरी चार्जिंग नियमावलीत आली, मात्र जुन्या गाड्यांत तो मिळत नाही. अशा गाडीत गाणी पेनड्राइव्हवर ठेवून फोन बारा व्होल्टच्या सॉकेटमधील चार्जरला लावणे, हीच मला सर्वांत भरवशाची व्यवस्था वाटते.