बाजार एकवटला, भाव मात्र जागचा हलला नाही

फ्रान्सच्या ऑगुस्तँ कुर्नोने १८३८ मध्ये एक साधा प्रश्न घातला होता. खनिज पाण्याचे दोन झरे आहेत आणि दोघांचे मालक वेगळे आहेत. भाव कोणीच ठरवत नाही. किती पाणी बाजारात आणायचं एवढंच प्रत्येक जण ठरवतो आणि एकूण पाण्यावरून भाव आपोआप पडतो. कुर्नोच्या उदाहरणात पाणी काढायला खर्चच नव्हता. खरी गंमत सुरू होते ती दोघांचे खर्च वेगळे असले की.

समजा पहिला झरा रस्त्यालगत आहे. त्याला एक क्रेट पाणी बाजारात पोचवायला ३० रुपये पडतात. दुसरा झरा दरीत आहे, त्याला ६० पडतात. बाजाराचा नियम असा, की १२० मधून एकूण क्रेटची संख्या वजा केली की भाव मिळतो. म्हणजे ५० क्रेट आले तर भाव ७० रुपये.

हा खेळ स्थिरावतो तेव्हा पहिला ४० क्रेट आणतो, दुसरा १०. का, ते पहिल्याच्या वहीत बघू. त्याची विक्री ४० गुणिले ७०, म्हणजे २,८०० रुपये. त्याने आणखी एक क्रेट आणला तर भाव ६९ वर येतो आणि विक्री २,८२९ होते. म्हणजे एकेचाळिसाव्या क्रेटने २९ रुपये आणले आणि ३० खाल्ले, कारण भाव एका रुपयाने उतरला तो आधीच्या चाळीसही क्रेटवर उतरला. दरीतल्या मालकाचं गणित वेगळं. त्याचा अकरावा क्रेट ५९ रुपये आणतो आणि ६० खातो. भाव उतरल्याची झळ त्याला फक्त दहा क्रेटवर बसते, म्हणून तो भाव आणि खर्च यांत दहाच रुपयांचं अंतर उरेपर्यंत माल आणत राहतो. पहिला ४० रुपयांचं अंतर असतानाच हात आखडता घेतो.

ज्याचा माल जास्त, त्याला भाव पाडण्याची भीती जास्त, म्हणून त्याचं मार्जिन, म्हणजे भाव आणि खर्च यांतलं अंतर, तेही जास्त. पहिल्याचा बाजारातला हिस्सा ८० टक्के, दुसऱ्याचा २०. मार्जिनला भावाने भागलं की मिळतो लर्नर निर्देशांक, जो अब्बा लर्नर यांनी १९३४ मध्ये मांडला. पहिल्याचा ४० भागिले ७०, म्हणजे सुमारे ०.५७, दुसऱ्याचा ०.१४. चारास एक हे प्रमाण इथेही तेच. नियम नेमका असा आहे: प्रत्येकाचा लर्नर निर्देशांक म्हणजे त्याचा हिस्सा भागिले मागणीची लवचिकता. आपल्या बाजारात भाव एक टक्का चढला की मागणी १.४ टक्के घटते, तेव्हा लवचिकता १.४. आणि ०.८ भागिले १.४ केलं की ०.५७ च येतात.

आता हिश्श्यांच्या वजनाने दोघांची सरासरी काढू. प्रत्येक हिस्सा स्वतःनेच गुणला जातो आणि वर जमते ती हिश्श्यांच्या वर्गांची बेरीज. हाच तो हर्फिन्डाल-हर्शमन निर्देशांक, म्हणजे बाजार किती मोजक्या हातांत आहे याचं माप. टक्क्यांत मोजला तर ६,४०० अधिक ४००, म्हणजे ६,८००. दशांशात ०.६८. त्याला १.४ ने भागलं की बाजाराचा सरासरी लर्नर निर्देशांक मिळतो, ०.४९. हिस्से, मार्जिन आणि केंद्रीकरण अशी तिन्ही मापं एकाच समीकरणात बसतात.

समीकरण इतकं नेटकं आहे, की वाचणारा पटकन पुढची उडी मारतो: केंद्रीकरण वाढलं की ग्राहक नागवला जातो. ही उडी चुकीची आहे, आणि ते दाखवायला फार लांब जायला नको.

दोन्ही झऱ्यांचा खर्च सारखा, ४५ रुपये धरू. खर्चांची बेरीज तीच, ९०. आता दोघंही २५-२५ क्रेट आणतात. एकूण पुन्हा ५० आणि भाव पुन्हा ७०. ग्राहकाच्या लेखी काहीच बदललं नाही. पण निर्देशांक इथे ५,००० आहे आणि सरासरी लर्नर ०.३६. म्हणजे समान खर्चाच्या बाजारातून विषम खर्चाच्या बाजारात आलो, तर दोन्ही निर्देशांक धाडकन वर जातात, भाव मात्र तसूभर हलत नाही. कारण प्रत्येकाचं मार्जिन त्याच्या मालाइतकं आहे. दोन्ही मार्जिनं मिळवली की एकूण माल येतो, आणि त्या बेरजेत खर्च येतात ते फक्त एकत्र. कोणाचा किती, याला भावाच्या लेखी किंमत नाही.

फरक पडतो तो पैसा कुठे जातो यात. समान खर्चात पन्नास क्रेटना २,२५० रुपये लागत होते. आता लागतात १,८००, कारण बहुतेक पाणी स्वस्त झऱ्यातून येतं. वाचलेले ४५० रुपये नफ्यात जमा झाले आणि निर्देशांक चढला तो त्यांच्यामुळेच. १९७३ मध्ये हॅरॉल्ड डेम्सेट्झ यांनी एकवटलेल्या उद्योगांतल्या जादा नफ्याकडे याच नजरेने बघायला सांगितलं होतं: मोठा तो लबाडच असेल असं नाही, स्वस्तात माल काढतो म्हणूनही तो मोठा असेल.

पण याच मापाला उलटी बाजूही आहे. रस्त्यालगतच्या मालकाने खर्च ३० वरून २४ वर आणला, तर भाव ६८ होतो आणि निर्देशांक सुमारे ७,४०० वर जातो. त्याऐवजी दरीतल्याचा खर्च ६६ झाला, समजा पाणी वाहून नेण्याची वाट खचली, तर भाव ७२ आणि निर्देशांक सुमारे ७,८००. दोन्ही वेळा केंद्रीकरण वाढलं. एकदा ग्राहकाचा फायदा झाला, एकदा तोटा. नुसता निर्देशांक बघून दोन्हींत फरक करता येत नाही. त्यासाठी भाव आणि विकला गेलेला एकूण माल बघावा लागतो. अमेरिकेच्या २०२३ च्या विलीनीकरणविषयक मार्गदर्शक तत्त्वांत १,८०० च्या वरचा बाजार अतिकेंद्रित मानतात. चौकशी कुठे करायची हे ठरवायला तो आकडा ठीक आहे. निकाल देण्यापुरता तो पुरेसा नाही, असं मला वाटतं.

शिवाय हे सगळं टिकतं ते स्पर्धा मालाच्या प्रमाणावर असेल तरच. कच्च्या तेलात हे तपासून बघता येतं. सौदी अरेबियाचा हिस्सा ढोबळमानाने जगाच्या एक दशांश धरू आणि लवचिकता ०.३. नियमाप्रमाणे लर्नर निर्देशांक साधारण ०.३३ यायला हवा, म्हणजे पिंपाचा भाव ७५ डॉलर असेल तर खर्च ५० डॉलर. प्रत्यक्षात तिथे तेल वर काढायचा खर्च दहा डॉलरच्याही खाली आहे. इतका स्वस्त उत्पादक कुर्नोच्या बाजारात याहून कितीतरी मोठा झाला असता. तो होत नाही, कारण ओपेकच्या कोट्यामुळे तो माल मुद्दाम कमी काढतो, आणि आज काढलेलं पिंप उद्या विकता येत नाही, हाही एक खर्चच आहे, जो हिशेबाच्या वहीत दिसत नाही. तेव्हा एखाद्या बाजारात हिस्सा आणि मार्जिन यांचा असा मेळ बसला नाही, तर आधी दोन गोष्टी तपासाव्यात: खर्च बरोबर मोजलाय का, आणि हे उत्पादक खरंच एकमेकांशी स्पर्धा करतायत का.