नऊ ते अठरा किलो, पण तोंड कुठे?

मुलासाठी कार सीट शोधताना हल्ली बहुतेक वेळा आधी हातात येतो तो फोटो. नात्यातलं कुणीतरी विचारतं, "आमच्याकडची पडून आहे, तुला चालेल का?" आणि सोबत एक फोटो पाठवतं. त्या फोटोवरून सीट कोणती आहे आणि आपल्या मुलाला बसेल का हे बऱ्याच अंशी ठरवता येतं. त्यासाठी कापडाचा रंग आणि शिवलेलं नाव मात्र विसरावं लागतं. एकच कव्हर चार वेगवेगळ्या मॉडेलांवर चढवलेलं असतं आणि सीटची जात त्यावरून कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. मूल १३ महिन्यांचं, वजन ९.६ किलो, उंची ७५ सेंटिमीटर. फोटोतल्या सीटला उचलायची मूठ नाही, खालचा भाग पाळण्यासारखा गोलाकारही नाही, म्हणजे ती तान्ह्या बाळाची, कडी धरून नेता येणारी सीट नव्हे. खांद्यांवरून दोन, कमरेशी दोन आणि पायांमधून एक असे पाच पट्टे मधल्या बकलात येतात. नुसती उंच पाठ असती आणि आतले पट्टे नसते, तर ती मोठ्या मुलांची बूस्टर सीट ठरली असती. तिच्यात मुलाला गाडीचाच बेल्ट धरून ठेवतो.

आता फोटो मोठा करून सीटच्या कडा पाहायच्या. गाडीचा बेल्ट जिथून ओवायचा त्या जागी रंगीत खुणा असतात. युरोपीय नियमांनुसार बनलेल्या सीटवर निळी खूण म्हणजे सीट उलटी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. लाल खूण म्हणजे सीट सरळ, तोंड पुढे. दोन्ही रंग असतील तर ती दोन्ही प्रकारे लावता येते. आपल्या फोटोत फक्त लाल खुणा आहेत. या एका गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि फोटो पाहणारे नेमकी तीच सोडून गादी किती मऊ आहे ते बघतात.

यानंतर दुसरा फोटो मागवायचा, सीटच्या पाठीमागच्या किंवा बुडाच्या नारिंगी लेबलाचा. वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी एक आकडा असतो. तो आकडा मंजुरी कोणत्या देशाने दिली ते सांगतो, १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. सीट तिथे बनली असा त्याचा अर्थ नाही. आपल्याला हवी असते ती नियमाची ओळ. आपल्या लेबलावर 'ईसीई आर ४४/०४' म्हणजे मुलांच्या सीटचा जुना युरोपीय नियम, 'युनिव्हर्सल' आणि '९ ते १८ किलो' असं आहे. मूल ९.६ किलोचं आहे, म्हणजे लेबलाच्या हिशोबाने ते बसतं. बहुतेक लोक इथे थांबतात आणि "चालेल" असं कळवून टाकतात.

थांबू नये, कारण किलोचा आकडा एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. धडक झाल्यावर पट्टे, बकल आणि सीटचं कवच किती वजन पेलतील, एवढंच तो सांगतो. आर ४४ च्या चाचणीत सीट एका ढकलगाडीवर बांधून ताशी ५० किलोमीटर वेगातून साधारण ६५ सेंटिमीटरमध्ये थांबवतात. सीटमध्ये बाहुला असतो. त्याचं डोकं किती पुढे जातं आणि छातीला किती झटका बसतो हे मोजतात. डोक्याला ५५ सेंटिमीटरची मर्यादा आहे. मानेवर किती ताण येतो, हा पास-नापासाचा निकष नाही.

हा ताण किती असेल त्याचा अंदाज घरी काढता येतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. एवढा वेग ६५ सेंटिमीटरमध्ये शून्यावर आणायचा, तर सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १५ पट येतं, आणि एखाद्या क्षणी त्याहूनही जास्त. सरळ सीटमध्ये पट्टे खांदे आणि कंबर धरून ठेवतात, डोकं मात्र मोकळं असतं. ते अडीच किलोचं धरलं तर नुसत्या सरासरी मंदनालाच मानेला जवळजवळ ३८ किलोचं ओझं सांभाळावं लागतं.

मोठ्या माणसाची मान हे बऱ्यापैकी सोसते, वर्षाच्या बाळाची नाही. जन्मतः मानेचा बहुतेक प्रत्येक मणका हा एकसंध हाड नसून तीन हाडांचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात. मागचे दोन तुकडे साधारण दोन-तीन वर्षांत एकमेकांशी जुळतात, पुढच्या भागाशी ते जुळायला तीन ते सहा वर्षं लागतात. त्यात बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, आणि मानेचे स्नायू कोवळे. नवजात अर्भकाच्या कण्याचा सांगाडा सुमारे ५ सेंटिमीटर ताणला तरी तुटत नाही, पण आतला मज्जारज्जू ६ मिलिमीटरच्या आसपासच फाटतो, असं जुन्या प्रयोगांतून दिसलेलं आहे. म्हणून बाहेरून हाड मोडलेलं दिसत नसतानाही आतली इजा गंभीर असू शकते.

सीट उलटी असेल तर समोरून धडक बसताच बाळ सीटच्या पाठीत दाबलं जातं. डोकं, मान आणि पाठ एकत्रच थांबतात, त्यामुळे मानेला डोकं ओढून धरावं लागत नाही. तोच झटका पूर्ण पाठभर पसरतो.

हाच विचार धरून २०१३ मध्ये आर १२९ हा नवा नियम आला. त्यात १५ महिने पूर्ण होईपर्यंत सीट उलटीच ठेवणं बंधनकारक आहे, मग वजन कितीही असो. मुलाचं माप किलोऐवजी सेंटिमीटरमध्ये दिलेलं असतं आणि बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी होते. युरोपीय संघात जुन्या आर ४४ च्या नव्या सीट विकणं १ सप्टेंबर २०२४ पासून बंद झालं, घरात असलेल्या वापरायला मनाई नाही. त्यामुळे देण्याघेण्यात जुन्या सीट अजून बरीच वर्षं फिरत राहणार.

म्हणजे आपल्या हातात तीन आकडे आहेत आणि त्यांची कामं वेगवेगळी आहेत. किलो सीटची ताकद सांगतात, सेंटिमीटर मूल कवचात मावतं का ते सांगतात, महिने मानेची हाडं कुठवर आली ते सांगतात. आपल्या उदाहरणातलं मूल पहिल्यात पास आहे आणि तिसऱ्यात नापास. सीट फक्त सरळ लावता येते आणि मूल १३ महिन्यांचं आहे, त्यामुळे ही सीट आत्ता नको. माझं मत विचाराल तर १५ महिने हीसुद्धा किमान मर्यादा आहे. उलट्या सीटमध्ये मूल मावतंय तोवर ते उलटंच बसवावं, दोन वर्षांनंतरही.

मग आत्ता काय? या मुलाच्या घरात बहुधा जन्मापासूनची उलटी सीट असेलच, १३ किलोपर्यंतची. पालक ती लवकर काढतात, कारण बाळाचे पाय गाडीच्या सीटला टेकतात आणि गुडघे मुडपतात. मुडपलेले पाय हे सीट लहान पडल्याचं लक्षण नाही. खरी खूण डोक्याकडे असते: टाळूच्या वर कवचाची कड निदान अडीच सेंटिमीटर उरली पाहिजे, आणि खांद्यांचे पट्टे खांद्यांच्या पातळीतून किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत. सरळ सीटमध्ये उलट असतं, तिथे पट्टे खांद्यांच्या पातळीतून किंवा किंचित वरून निघायला हवेत. मूल सीटमध्ये बसलेलं असताना खांद्याच्या उंचीवर कॅमेरा धरून बाजूने फोटो घेतला, तर हे स्पष्ट दिसतं. वरून काढलेल्या फोटोत पट्ट्यांची उंची नीट कळत नाही, त्यावर निर्णय देऊ नये. अर्थात उलटी सीट पुढच्या आसनावर लावायची असेल तर तिथली एअरबॅग बंद असलीच पाहिजे. ती बंद करता येत नसेल तर सीट मागेच लावावी.

आणखी एका लेबलाने पुष्कळांची फसगत होते, '९ ते ३६ किलो'. फोटोत पाच पट्टे दिसतात, म्हणून वाटतं की ते ३६ किलोपर्यंत चालतील. अशा सीटमध्ये आतले पट्टे सहसा १८ किलोपर्यंतच असतात. पुढे ते काढून गाडीचा बेल्ट वापरायचा असतो. काढलेले पट्टे हरवलेले असतील तर ती सीट लहान मुलासाठी निरुपयोगी ठरते. आणि ज्या 'सीट'ला कडक कवचच नाही, नुसती गादी आणि पट्टे आहेत, तिच्या लेबलाची चौकशी करण्यातही वेळ घालवू नये.

बाबागाडीचा फोटो याहून सोपा असतो, कारण तिथे मुख्य प्रश्न कोनाचा आहे. नवजात बाळाला मान धरता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी पाठ आणि आसन यांतला कोन निदान १५० अंश उघडला पाहिजे. पाठ पूर्ण खाली सोडून बरोबर बाजूने फोटो काढला तर कोनमापक लावून तो मोजता येतो. कमी भरला तर ती गाडी सहा महिन्यांनंतरची. वरची वजनाची मर्यादा १५ किलो आहे की २२, हे मात्र लेबलावरूनच कळतं.

आपल्या सीटकडे परत येऊ. ती सहा महिन्यांनी किंवा वर्षाने कामाची ठरेल का, हे ठरवायला तिसरा फोटो लागतो, बुडाच्या प्लास्टिकचा. तिथे घड्याळाच्या तबकडीसारखा एक ठसा असतो: भोवती १ ते १२ आकडे, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे रोखलेला बाण. मध्ये १७ आणि बाण ५ कडे असेल तर ते कवच मे २०१७ मध्ये ओतलेलं आहे. उन्हात आणि बंद गाडीच्या उष्णतेत प्लास्टिक ठिसूळ होत जातं. उत्पादकांनी दिलेलं आयुष्य सहसा सहा ते दहा वर्षांचं असतं, नेमका आकडा माहितीपत्रकात किंवा कवचावरच छापलेला असतो. कव्हर काढून आतल्या थर्माकोलचा फोटोही मागावा, भेग असेल तर सीट बाद. सीट एखाद्या अपघातात गाडीत होती का, हे कोणत्याच फोटोत दिसत नाही. ते देणाऱ्यालाच विचारायचं, आणि तो माणूस पहिल्या मालकापर्यंत पोचू शकत नसेल तर सीट घ्यायची नाही.